इन्स्टाचा ई-मेल आणि पासवर्ड दोन्ही बदललेत: पहिल्या तासात आधी काय, नंतर काय

ऐन लग्नसराई. सकाळी सातला जिंतूरहून मावसभावाचा फोन. "दादा, इन्स्टा उघडंनाच गेलंय. पासवर्ड चुकीचा म्हणू लालंय. कोड मागवला, तर कुण्या दुसऱ्याच्याच मेलवर जाऊ लालाय."

हा लग्नाचे फोटो काढतो. सीझनचं निम्मं काम त्या एका पेजवरून येतं. परभणीत माझं ऑनलाइन सेंटर आहे, त्यामुळं पीकविम्यापासून हरवलेल्या पासवर्डपर्यंत नात्यातलं सगळं माझ्याकडं येतं. तो गाडी काढून निघायच्याच बेतात होता. मी म्हणालो, "येऊ नको. घरीच बस. ज्या फोनवर रोज इन्स्टा वापरतो तोच हातात ठेव अन् रोजचंच वायफाय चालू ठेव."

असं सांगायला कारण होतं. खातं परत मागणारा माणूस खरा मालक आहे का, हे इन्स्टाग्राम ज्या खुणांवरून ठरवतं, त्यांत फोन आणि जागा या दोन मोठ्या खुणा आहेत. महिनोन्‌महिने ज्या फोनवरून लॉगिन झालंय तिथून विनंती गेली तर वाट लवकर मोकळी होते. तीच माझ्या सेंटरच्या कॉम्प्युटरवरून गेली असती, तर मी आणि हॅकर दोघंही त्या यंत्रणेच्या दृष्टीनं सारखेच अनोळखी. म्हणून अॅप काढून पुन्हा टाकू नका. फोन रिसेट करू नका. घरातल्या जुन्या फोनवर किंवा टॅबवर खातं अजून उघडं असेल, तर तिथून चुकूनही लॉगआउट होऊ नका.

आता खरंच हॅक झालंय का, ते बघायचं. लॉगिनच्या पानावर "Forgot password?" दाबलं की कोड कुठं पाठवणार तो पत्ता अर्धा झाकून दिसतो. भावाचा पत्ता एस अक्षरानं सुरू होतो. स्क्रीनवर दिसत होता के अक्षरानं सुरू होणारा आणि शेवटी नऊचा आकडा असलेला. म्हणजे ई-मेल बदललाय, हे नक्की. असा परका पत्ता दिसला की पुन्हा पुन्हा कोड मागवू नका. तो कोड तुमच्याकडं येणारच नाही. वर दहा-बारा वेळा दाबलं की थोडा वेळ थांबा असा संदेश येतो, आणि हाताशी असलेल्या तासातली मिनिटं त्यात जातात.

मग मी त्याच्या बायकोच्या फोनवरून पेज उघडायला सांगितलं. नाव तेच होतं, पण ओळखीच्या ओळीत गुंतवणुकीचं काहीतरी टाकलं होतं आणि स्टोरीत पाच हजाराचे पन्नास हजार झाल्याचा स्क्रीनशॉट होता, खाली क्यूआर कोड. तिला म्हणालो, सगळ्याचे स्क्रीनशॉट घे. युजरनेम, प्रोफाइलची लिंक, स्टोरी, तो क्यूआर, वेळ दिसेल असे. स्टोरी चोवीस तासांत उडते आणि युजरनेम हॅकर कधीही बदलू शकतो. बदललंच, तर ज्या मित्राशी जुनं चॅटिंग आहे त्याच्या इनबॉक्समध्ये तेच संभाषण नव्या नावानं दिसतं. हरवलेलं पेज शोधायचा हा सोपा मार्ग आहे.

रात्री काय झालं, ते आधी विचारा

पुढची पायरी यावर ठरते, म्हणून हा प्रश्न टाळू नका. भाऊ आधी "काहीच नाही केलं" म्हणाला. जरा खोदल्यावर निघालं: रात्री अकराला सेलूच्या मित्राच्या खात्यावरून मेसेज आला होता, मी एका स्पर्धेत उभा आहे, तुला एसएमएसवर एक लिंक येईल, ती उघडू नको, नुसता स्क्रीनशॉट पाठव. यानं पाठवला. ती लिंक मतदानाची नव्हतीच. हॅकरनं याच्याच खात्यावर "Forgot password?" दाबलं होतं, आणि इन्स्टाग्रामनं याच्याच नंबरवर खात्यात शिरायची किल्ली पाठवली होती. स्क्रीनशॉटमधून तोच पत्ता समोरच्यानं स्वतःच्या फोनमध्ये टाइप केला. लिंक उघडू नको असं का सांगितलं होतं, तेही आता कळलं असेल. यानं उघडली असती तर ती वापरून संपली असती.

असं झालं असेल तर चोर फक्त इन्स्टात शिरलाय, तुमचा मेल आणि फोन बहुधा शाबूत आहे.

दुसरी शक्यता, कुठल्या तरी खोट्या पानावर पासवर्ड टाकला गेला. तोच पासवर्ड जीमेललाही असेल, तर मेलही गेला असं धरून चाला.

तिसरी शक्यता सगळ्यात वाईट, आणि लग्नसराईत तिचा सुळसुळाट असतो. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल, नावाच्या शेवटी .apk. ती इन्स्टॉल केली असेल तर फोनच फितूर झालाय, आलेला एसएमएस तिकडं वाचला जातोय. अशा वेळी वर सांगितलेला रोजचा फोन वापरायचा नियम उलटा होतो. नेट बंद करा, सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला, बँकेला फोन करून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा, आणि खालचं सगळं त्या दुसऱ्या फोनवरून करा.

हे विचारतानाच फोनच्या कोपऱ्यात रेंज आहे का तेही बघा. शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या सिमला रेंज आहे आणि तुमच्याला नाही, तर कुणीतरी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं असण्याची शक्यता असते. तसं असेल तर इन्स्टाग्राम बाजूला ठेवा, आधी सिम कंपनी आणि बँक.

आधी मेल, मग इन्स्टा

लोकांची इथंच चूक होते. सगळा जीव त्या लाल-जांभळ्या अॅपमध्ये अडकलेला असतो आणि मेलकडं बघायला कुणाला सुचत नाही. पण खातं परत येतं ते मेलच्याच वाटेनं. मेलमध्ये चोर बसलेला असेल, तर तुम्ही खातं सोडवाल आणि पाच मिनिटांत तो पुन्हा नेईल.

जीमेल उघडत असेल तर गुगल खात्याच्या "Security" या भागात जा. "Your devices" मध्ये अनोळखी फोन किंवा कॉम्प्युटर दिसला तर त्याला बाहेर काढा. पासवर्ड बदला, आधी कुठंही न वापरलेला. रिकव्हरीचा नंबर आणि मेल आपलेच आहेत ना, ते वाचून बघा. एक गोष्ट मोबाइल अॅपमध्ये दिसत नाही, त्यासाठी कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंग्ज उघडाव्या लागतात: "Filters and Blocked Addresses" आणि "Forwarding and POP/IMAP". हुशार चोर तिथं एक फिल्टर लावून ठेवतो, इन्स्टाग्रामकडून आलेला प्रत्येक मेल थेट कचऱ्यात. तुम्ही वाट बघत बसता, मेल येऊन गेलेला असतो.

जीमेलच उघडत नसेल तर g.co/recover वर जा. तिथं जमेची बाजू एक आहे. चोरानं रिकव्हरीचा नंबर बदलला तरी बदलानंतर सात दिवस जुन्या नंबरवर कोड मागवता येतो. म्हणजे आठवडा आहे, पण उद्यावर ढकलायला नाही.

तो एक मेल शोधा

खात्याचा ई-मेल बदलला की इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर कळवतं आणि त्याच मेलमध्ये हा बदल मीच केला नाही म्हणून उलटवायची लिंक देतं. पहिल्या तासातली सगळ्यात मोलाची वस्तू ती. हॅकरनं पासवर्ड बदलो, नंबर बदलो, ही लिंक जुन्या मालकाच्या हातात असते. ती कायम चालत नाही, म्हणून घाई.

भाऊ म्हणाला, "मेल आलाच नाही. दोनदा बघितलं." तो बघत होता मुख्य रकान्यात, आणि जीमेलनं मेल टाकला होता "Social" मध्ये, लाइक आणि फॉलोच्या ढिगात. म्हणून नजरेनं शोधू नका. जीमेलच्या शोधपट्टीत हे जसंच्या तसं टाका:

```
from:security@mail.instagram.com in:anywhere
```

शेवटचा शब्द महत्त्वाचा. त्यानं स्पॅम आणि कचरापेटीही धुंडाळली जाते. भावाला तीन मेल सापडले. सकाळी सहा बाराचा ई-मेल बदलल्याचा, त्यानंतर पासवर्डचा, मग नंबर काढल्याचा. यांतला उघडायचा तो ई-मेल बदलल्याचा. पत्ता आपला झाला की बाकीचं त्यामागून सोडवता येतं.

मात्र दाबायच्या आधी पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता वाचा. नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. आणि लिंक उघडल्यावर वर instagram.com दिसायला हवं. तुमचं खातं हॅक झालंय असं सांगणारे खोटे मेलही याच गोंधळात येतात.

लिंक दाबली, जुना पत्ता परत लागला, नवा पासवर्ड मागितला. सात पस्तीस झाले होते. बहुतेकांचं काम इथं संपतं. आमचं नाही संपलं. नवा पासवर्ड टाकला तर स्क्रीन सहा आकडी कोड मागायला लागली, आणि तो कोड हॅकरच्या फोनमधल्या अॅपमध्ये. आजकालचा चोर आत शिरल्या शिरल्या दुहेरी पडताळणी स्वतःच चालू करतो. घरात शिरायचं आणि आतून कडी लावायची.

कडी आतून लागलेली असेल तर

कोडच्या पानावर खाली "Try another way" असतं. तिथून मदत मागायचा पर्याय निघतो. कुठलाच मेल सापडला नाही, तर ब्राउझरमध्ये instagram.com/hacked उघडायचं, "My account was hacked" निवडायचं आणि जुनं युजरनेम द्यायचं. दोन्ही वाटा शेवटी एकाच दाराशी येतात: तुम्ही तुम्हीच आहात हे पटवा.

खात्यावर तुमचे चेहरे दिसणारे फोटो असतील तर व्हिडिओ सेल्फी मागतात. फोनच्या सूचनेप्रमाणं मान डावीकडं, उजवीकडं, वर फिरवायची. खिडकीकडं तोंड करून उभं राहा. उजेड पाठीमागून आला की चेहरा काळा पडतो आणि विनंती नाकारली जाते. टोपी, उपरणं, गॉगल काढा. एकदा नाकारली तरी पुन्हा पाठवता येते.

आमची पंचाईत वेगळी. फोटोग्राफरच्या पेजवर अख्ख्या जिल्ह्याचे नवरा-नवरी, फक्त हा नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस फोटोत कसा येणार? दुकान, नर्सरी, मेस, क्लास अशा सगळ्या पेजची हीच अडचण आहे. चेहरा नसलेल्या खात्याला मेलवर प्रश्न विचारतात: खातं उघडताना कुठला ई-मेल किंवा नंबर दिला होता, आणि कुठल्या प्रकारच्या उपकरणावरून उघडलं होतं, आयफोन की अँड्रॉइड की आणखी काही.

भाऊ पटकन आयफोन लिहायला निघाला होता, कारण आज हातात तोच आहे. मी थांबवलं. "खातं काढलं तेव्हा कोणता होता?" बराच वेळ शांतता. मागून मावशीचा आवाज आला, "आरं, तो फुटका फोन माझ्या पेटीत हाय की." अँड्रॉइड. तसंच लिहिलं. आठवत नसेल तर जुने बिल, फोनच्या डब्या, पहिल्या पोस्टची तारीख यांवरून जुळवा. अंदाजानं ठोकलेलं उत्तर चुकलं की वेळ जातो.

या विनंतीसाठी संपर्काचा मेल द्यावा लागतो. तो असा द्या की ज्यावर चोराची सावली पडलेली नाही. आम्ही जीमेल आधीच तपासून घेतलं होतं म्हणून तेच दिलं. इथून पुढं वाट बघायची. तासात उत्तर येईल असं धरू नका.

दुसरा माणूस काय करेल

हे सगळं एकट्यानं करायचं नाही. मी भावाबरोबर फोनवर होतो तेवढ्यात वहिनी व्हॉट्सअॅपवर लागली. गिऱ्हाइकांचे, नातेवाइकांचे, गावातले ग्रुप आणि स्टेटस. मजकूर मी सांगितला तो असा: "आमचं इन्स्टा पेज आज सकाळपासून हॅक आहे. त्यावरून पैसे, गुंतवणूक, बुकिंगचा अॅडव्हान्स किंवा लिंकचा स्क्रीनशॉट मागितला तर देऊ नका. खात्री करायची तर आमच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा. कुणी पैसे पाठवले असतील तर लगेच कळवा." शेवटचं वाक्य सोडू नका. पैसे गेलेला माणूस लाजेनं गप्प बसतो.

एक जण निघालाच. मानवतच्या एका नवरीच्या भावानं पेजवरून मागितला म्हणून आठ हजार अॅडव्हान्स पाठवला होता, अर्ध्या तासापूर्वी. अशा वेळी 1930 वर फोन करायचा, आणि तो पैसे गेलेल्यानंच करायचा, कारण व्यवहार त्याच्या खात्यातला आहे. हाताशी ठेवायचं: आपल्या बँकेचं नाव, रक्कम, वेळ, ज्याला गेले तो यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. हा क्रमांक पैसे पाठवलेल्या अॅपच्या इतिहासात त्या व्यवहारावर दाबलं की दिसतो. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोचली तर मधल्या बँकेत तो गोठवता येतो. परत मिळेलच असं नाही, पण उशीर झाला की गोठवायलाच काही उरत नाही.

खातं चोरल्याची तक्रार भावानं cybercrime.gov.in वर वेगळी टाकली, सकाळच्या स्क्रीनशॉटसकट. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे, सोंग घेऊन फसवणं 66डी खाली. पोलीस पासवर्ड परत आणून देत नाहीत. पण उद्या त्या पेजच्या नावानं कुणी फसलं आणि बोट तुमच्याकडं वळलं, तर आठ वाजताच तक्रार केली होती याचा पुरावा हातात राहतो.

मित्रमंडळी उत्साहानं म्हणतात, आपण शंभर जण मिळून पेज रिपोर्ट करू. मी भावाला नको म्हणालो. आपल्याला खातं परत हवंय, बंद पाडायचं नाही. बंद झालं की ते सोडवायचं प्रकरण आणखी वेगळं होऊन बसतं. पैसे मागणारी ती एक स्टोरी रिपोर्ट करायला हरकत नाही.

आणि ज्याच्याकडून हा रोग आला त्या सेलूच्या मित्राला इन्स्टावर नाही, फोनवर कळवा. त्याला अजून पत्ताच नव्हता.

मदतीला धावून येणारे

व्हॉट्सअॅपवर कळवून अर्धा तास झाला नाही तर भावाला दोन मेसेज आले. माझंही गेलं होतं, अमुक माणसानं दहा मिनिटांत आणून दिलं, त्याला मेसेज कर. ही दुसरी टोळी. आधी फी मागतात, मग सॉफ्टवेअरची किंमत, मग फोनवर आलेला कोड. कंपनीच्या आतल्या माणसाची ओळख असल्याचं सांगणाराही यातलाच. खातं सोडवायची वाट इन्स्टाग्रामच्या पानांतूनच जाते आणि तिला पैसे पडत नाहीत. माझ्यासारख्या सेंटरवाल्यानं बसून फॉर्म भरून दिला तर शंभर-दोनशे घेईल, पण कोड तुमच्या हातानं टाकू देईल.

दार उघडल्यावर

दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आला, लिंक आली, भाऊ आत गेला. आत गेल्याबरोबर लोक पहिली पोस्ट टाकतात, "आय अॅम बॅक". ती राहू द्या. आधी "Accounts Center" उघडा. तिथल्या संपर्काच्या माहितीत चोराचा मेल किंवा नंबर उरलाय का बघा आणि काढा. मग पासवर्ड पुन्हा बदला, आणि "Where you're logged in" मधून आपल्या फोनखेरीज सगळ्यांना बाहेर काढा. क्रम असाच ठेवा. चोराचा मेल आत असताना त्याला बाहेर काढलं तर तो कोड मागवून परत येतो.

दुहेरी पडताळणीत त्याचं अॅप काढून आपलं लावा, आणि आठ आकडी बॅकअप कोड नव्यानं काढा, कारण जुने त्यानं पाहिलेले असू शकतात.

यानंतर एक जागा राहते जी फार थोडे बघतात. "Accounts Center" मध्येच जोडलेल्या खात्यांची यादी असते. भावाच्या यादीत एक अनोळखी फेसबुक खातं जोडलेलं होतं, परदेशी नावाचं. ते तसंच राहिलं असतं तर मागचं दार उघडंच होतं. पेजला जाहिरातींसाठी कार्ड जोडलेलं असेल तर तिथला खर्चही त्याच बैठकीत बघा.

फेसबुकचं खातं गेलं असेल तर हीच चाल चालते, फक्त पान facebook.com/hacked आणि मेल शोधायचा तो facebookmail.com वरून आलेला.

बॅकअप कोड भावानं फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवायला घेतले होते. मी म्हणालो, फोनच गेला तर? मग त्यानं ते अल्बमच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहिले, आणि पुस्तक मावशीच्या पेटीत, त्या फुटक्या फोनशेजारी ठेवलं.